पायावरचे नाण्याएवढे चट्टे: नुसत्या व्हॅसलिननं का भागत नाही?

परभणीची थंडी कोरडी असते. पाऊस सरला की हवेतला ओलावा झपाट्यानं उतरतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली जातो आणि कृषी विद्यापीठाच्या नोंदीतला आकडा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठळक छापून येतो. याच दिवसांत शेतात कापसाची वेचणी आणि तुरीची काढणी चालू असते. अंगभर धूळ घेऊन घरी आलेला माणूस कढत पाण्यानं, साबण घासून अंघोळ करतो. पाणी बहुधा बोअरचं, जड. अशा पाण्यात साबण नीट धुऊन निघत नाही आणि त्याचा अंश कातडीवर राहून तिला आणखी रखरखीत करतो. नडगीवर मुळातच तेलग्रंथी कमी, म्हणून सगळ्यात आधी उलते ती तीच.

एक नेहमी दिसणारा रुग्ण डोळ्यांसमोर आणू. सेलूकडचे पंचावन्न वर्षांचे शेतकरी काका. डाव्या नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे पाच-सहा पुरळ आले, त्यांत बारीक पाणी. आठवड्याभरात ते एकमेकांत मिसळले आणि दहाच्या नाण्याएवढा गोल, लालसर, थोडा उचललेला चट्टा झाला. खाजवला की त्यातून लस यायची आणि सकाळी तिची पिवळी खपली धरलेली असायची. महिन्याभरानं तो वाळला आणि त्यावर पांढुरका कोंडा दिसू लागला. तोवर उजव्या पायावर दुसरा उठला होता. हा चक्राकार इसब, इंग्रजी नाव नम्युलर एक्झिमा. फ्रेंच डॉक्टर देव्हर्जी यांनी 1857 मध्ये त्याला हे नाण्यावरून आलेलं नाव दिलं. पन्नाशी-साठीच्या पुरुषांत तो जास्त दिसतो आणि थंडीत बळावतो.

घरच्यांना दिसतो तो वाळलेला, कोंडा सुटणारा चट्टा. साहजिकच सल्ला मिळतो, "कातडी कोरडी पडलीय, व्हॅसलिन लावा." काका पंधरा दिवस मन लावून लावतात. कोंडा बसतो, चट्टा मऊ दिसतो, पण रात्रीची खाज जशीच्या तशी. लावणं एक दिवस चुकलं की चट्टा पुन्हा खरखरीत.

याचं कारण चट्ट्याच्या आत आहे. कातडीचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी या विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं हा चुना. थंडीनं आणि साबणानं हा चुना झिजला की आतलं पाणी बाहेर उडतं आणि बाहेरचे जंतू व क्षोभक पदार्थ आत शिरतात. इथवर गोष्ट कोरडेपणाची असते आणि इथवर व्हॅसलिन खरोखर उपयोगी असतं, कारण ते वरून झाकण घालतं आणि पाणी उडू देत नाही. पण एकदा चट्टा उठला की तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा झालेल्या असतात. त्या जे रासायनिक संदेश सोडतात त्यांनी खाज येते, आणि त्याच संदेशांमुळे कातडीचं नवं स्निग्ध द्रव्य व फिलॅग्रिन नावाचं प्रथिन तयार होणं मंदावतं. म्हणजे आत दाह आहे तोवर कातडी स्वतःची डागडुजी करूच शकत नाही. त्यात नखांची भर पडते. शिवाय ओलसर चट्ट्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू बहुधा ठाण मांडून असतो आणि त्याची विषद्रव्यं दाह धगधगता ठेवतात. व्हॅसलिन यातलं काहीच विझवत नाही.

व्हॅसलिननं गुण आला नाही की पुढचा मुक्काम मेडिकलचा. गोल चट्टा दाखवला की ऐकायला येतं, "नायटा आहे," आणि हातात एक ट्यूब पडते, जिच्यात तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि निओमायसिनसारखं प्रतिजैविक एकत्र कालवलेलं असतं. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या ट्यूबची. खरोखरच नायटा असेल तर स्टिरॉइड दाह दाबतं, खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरत राहते. चट्ट्याचं रूप मग इतकं बदलतं की डॉक्टरही चकतात. इसब असेल तर चार दिवस आराम पडतो, पण निओमायसिनचीच ॲलर्जी होऊन नवा दाह सुरू होऊ शकतो.

नायट्याची कड सहसा उठावदार असते आणि मधला भाग निवळत जातो. इसबाचा चट्टा बहुधा सगळीकडे सारखाच भरलेला असतो. पण जुन्या इसबाचाही मध्य कधीकधी निवळतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. तपासणी सोपी आहे. चट्ट्याच्या कडेचा कोंडा ब्लेडच्या धारेनं हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कातडीच्या पेशी विरघळलेल्या असतात आणि बुरशी असेल तर तिचे फांद्या फुटलेले धागे दिसतात. आधी लावलेल्या मलमानं हा निकाल फसू शकतो, म्हणून काय काय लावलं ते डॉक्टरांना सांगायला हवं. आणि चट्टा खाजत नसेल, तिथे स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी आधी.

काकांच्या कोंड्यात बुरशी निघाली नाही, असं धरू. आता लागतं ते दाह विझवणारं औषध, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीनं मिळणारं पुरेशा ताकदीचं स्टिरॉइड मलम, बहुतेकदा दोन ते चार आठवडे. नडगीवरच्या जाड चट्ट्याला सौम्य मलम पुरत नाही. चेहऱ्याला दिलेली ट्यूब पायाला लावून गुण का येत नाही, ते यातून कळावं. मात्राही मोजता येते. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून ओढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. तीन-चार चट्ट्यांना तिचा छोटा तुकडा बास. औषध चट्ट्यापुरतं लावायचं. व्हॅसलिन मात्र पूर्ण पायाला, कोमट पाण्यानं अंघोळ करून अंग टिपल्यावर लगेच, आणि दोन्हींत अर्धा तास जाऊ द्यायचा. चट्ट्यातून पिवळी लस फार येत असेल, तो दुखत असेल, तर जंतुसंसर्गाचा इलाज आधी लागतो.

बहुतेकांचं चुकतं ते थांबण्याच्या वेळी. खाज आठवड्यातच शमते आणि ट्यूब कोनाड्यात जाते. पंधरा दिवसांनी चट्टा त्याच जागी परत. डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवावं. कड बोटाला लागत असेल, जागा जाडसर वाटत असेल, तर दाह अजून आहे. आजूबाजूच्या कातडीइतकंच सपाट लागलं की औषध कमी करायला लागावं: आधी दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, तेही डॉक्टरांना विचारून. आपल्या सावळ्या रंगावर तिथे तपकिरी डाग मागे राहतो. तो जायला कित्येक महिने लागतात आणि त्याला स्टिरॉइडची गरज नसते. डाग घालवायला मलम रगडत राहिलं तर कातडी पातळ होते.

एवढं करूनही महिन्याभरात फरक नसेल तर दुसऱ्या, जास्त कडक ट्यूबच्या मागे न लागता निदानच पुन्हा तपासावं. सोरायसिस असू शकतो आणि त्यासाठी कातडीचा लहानसा तुकडा काढून बघावा लागतो. किंवा एखाद्या वस्तूची ॲलर्जी चट्टे धगधगते ठेवत असते. ती शोधायला संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात आणि नंतर कातडी वाचतात. त्यात कधी निकेल सापडतं, कधी सुगंधी द्रव्य, कधी चट्ट्यावर इतके दिवस लावत आलेलं मलमच.