खूप वाट पाहून आलेलं बाळ
मैत्रिणीला अनेक वर्षांच्या आयव्हीएफ उपचारांनंतर मुलगी झाली, की ‘चला, सुटलीस एकदाची!’ असं पटकन तोंडून जातं. त्याने गर्भपात, इंजेक्शनं, टाळलेली बारशी सगळं पुन्हा वर येतं. त्यापेक्षा बाळाबद्दलच लिहावं: ‘लेक आली, फार आनंद झाला. तिघांनाही खूप शुभेच्छा. उत्तराची घाई नको.’ उपचारांची चौकशी करू नये. ती सांगेल तेव्हा ऐकावं.

बाळ मुदतीआधी जन्मून एनआयसीयूत असेल, तरी अभिनंदन करावंच. मात्र ‘वजन किती? घरी कधी सोडणार?’ हे विचारू नये. घरी कधी सोडणार, हे डॉक्टरांनाही अनेकदा नेमकं सांगता येत नाही. त्याऐवजी दवाखान्यात डबा पोचवावा. ती रडली, तर रडू द्यावं. आनंदाच्या जोडीला भीतीही असते.