अंतरपाट एकदाच दूर होतो!

मोरगावातल्या एका मंगल कार्यालयात तुम्ही फोन घेऊन उभे आहात. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता, आता सव्वा वाजलाय. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं, मामा नवरीच्या मागे उभा आहे, करवली सरसावल्यात. ‘सावधान’ होतं, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री सुरू होते आणि तुमच्या स्क्रीनवर येतं, ‘स्टोरेज फुल’. आता काय, गुरुजींना परत म्हणायला सांगणार?

गावाकडच्या लग्नात आता मोठ्या कॅमेरावाल्याच्या शेजारी एक फोनवालाही दिसतो. अल्बम आणि मोठा व्हिडिओ यायला काही आठवडे जातात. पण घरच्यांना स्टेटसला लावायला रील त्याच रात्री हवं असतं. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. तेव्हापासून उभा, मिनिटभराचा व्हिडिओ हे एक वेगळं काम झालं. कॉलेज करता करता ते करायचं असेल, तर मोरगावच्या या लग्नातूनच एक चक्कर मारू.

आधी गणित

रील ६० सेकंदांचं आहे. एक शॉट सरासरी अडीच सेकंद टिकतो, म्हणजे लागणार २४ शॉट. त्यातले काही हलतील, काहींत कुणाचं तरी डोकं मध्ये येईल. म्हणून ६५ शॉट घ्या, प्रत्येकी १० सेकंदांचे. झाले ६५० सेकंद, म्हणजे ११ मिनिटांच्या आसपास. 1080p आणि 30fps या सेटिंगला साधारण मिनिटाला १३० एमबी जागा जाते. म्हणजे अख्खं लग्न दीड जीबीच्या आत बसतं!

मग स्टोरेज फुल कसं झालं? तर मंगलाष्टकं सुरू झाल्यापासून रेकॉर्डिंग बंदच केलं नाही म्हणून. वीस-वीस मिनिटांच्या सलग क्लिप, त्याही 4K मध्ये. जागा जाते, फोन तापतो, तापला की स्क्रीन मंद होते आणि कधीकधी कॅमेरा आपणहून बंद पडतो. रात्री त्या वीस मिनिटांतून अडीच सेकंद शोधत बसायचं ते वेगळंच.

मंगलाष्टकं एकापेक्षा जास्त असतात, हे लक्षात घ्या. प्रत्येकाच्या शेवटी ‘सावधान’ होतं आणि प्रत्येक वेळी अक्षता पडतात. म्हणून अक्षता उडवणारे हात, डोळे पुसणारी आई, उड्या मारणारी पोरं हे सगळं पहिल्या तीन-चार मंगलाष्टकांत घेऊन टाका. शेवटचं मंगलाष्टक फक्त अंतरपाटासाठी ठेवा. जागा आधीच धरा: बाजूला, जिथून नवरा-नवरी दोघांचेही चेहरे दिसतील आणि मोठ्या कॅमेरावाल्याच्या फ्रेममध्ये तुम्ही येणार नाही. सकाळीच त्याच्याशी बोलून घ्या. ‘दादा, मी डावीकडून घेतो’ एवढं पुरतं. नाही बोललात, तर ऐन वेळी तो तुम्हाला कोपराने बाजूला करेल आणि चूक तुमचीच असेल.

फोनला ठरवू देऊ नका

फोनचा कॅमेरा सगळं आपोआप करतो. रोजच्या वापराला ते भारी, पण मांडवात तेच नडतं. नवरीच्या मागे झगमगती एलईडीची सजावट असते. फोन त्या उजेडाकडे बघून ठरवतो की इथे उजेड जास्त आहे, आणि चित्र अंधारं करतो. सजावट छान दिसते, नवरीचा चेहरा काळवंडतो. उपाय सोपा आहे. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, बऱ्याच फोनवर AE/AF LOCK किंवा कुलपाची खूण येते. मग उजेडाची पट्टी वर-खाली करून चेहरा नीट करा. नवरी जागेवरून हलली किंवा तुम्ही हललात, की लॉक सोडून पुन्हा करा.

दुसरा घोळ जास्त फसवा आहे, कारण शूट करताना लहान स्क्रीनवर तो पटकन दिसत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटरचा वेग त्या ठेक्याशी जुळला नाही, तर चित्रात काळसर पट्टे वर-खाली सरकताना दिसतात. एडिटिंगमध्ये ते धड निघत नाहीत. तुमच्या फोनमध्ये Pro Video असेल, तर शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवा. नसेल, तर अँड्रॉइडवर Open Camera हे मोफत ॲप आहे, त्यात यासाठी वेगळी सेटिंग मिळते. हॉलमध्ये पाहुणे यायच्या आधी दहा सेकंदांचा नमुना घ्या आणि पांढऱ्या भिंतीकडे बघा. पट्टे तिथे सगळ्यात आधी दिसतात. काही स्वस्त एलईडी मात्र काहीही केलं तरी लुकलुकतात. तिथे जागा बदला, खिडकीचा उजेड शोधा.

स्लो मोशनचंही तेच. 240fps मध्ये एक फ्रेम सेकंदाच्या २४० व्या भागाएवढीच असते, दिव्याच्या एका ठेक्यापेक्षाही लहान. त्यामुळे दिव्यांखाली लुकलुक येतेच. हॉलमध्ये 60fps आणि शटर 1/100 ठेवा. ती क्लिप एडिटिंगला 30fps वर अर्ध्या वेगाने चालवली, की अक्षता तरंगत खाली येतात. रीलला तेवढं बास. 240fps राखून ठेवा दुसऱ्या दिवसासाठी: मोरगावपासून जेजुरी साधारण १७ किलोमीटर आहे. नवं जोडपं खंडोबाला जातं, नवरदेव नवरीला उचलून पायऱ्या चढतो, भंडारा उधळला जातो. भर उन्हात, सूर्य समोरच्या बाजूला ठेवून घेतलेला भंडारा स्लो मोशनमध्ये सोन्यासारखा दिसतो. तिथे शटर परत ऑटोवर न्या, नाहीतर 1/50 ला उन्हात सगळं पांढरं फटक पडेल. शूट झालं की लेन्सवरचा भंडारा आधी फुंकून उडवा, मग मऊ कापडाने पुसा. लेन्सवर पिवळा थर राहिला, तर रात्रीच्या जागरण-गोंधळात प्रत्येक दिव्याभोवती धूसर वलय येतं.

आवाज: जुना फोन कामाला येतो

अमेरिकन दिग्दर्शक शॉन बेकर यांनी २०१५ चा ‘टँजरीन’ हा सिनेमा आयफोन ५एसवर शूट केला. हे उदाहरण सगळे देतात, पण त्याचा आवाज फोनवर नाही, वेगळ्या साउंड रेकॉर्डिस्टने व्यावसायिक उपकरणांवर घेतला होता, हे कुणी सांगत नाही.

गुरुजींचा आवाज माइकमधून कर्ण्यात जातो आणि तुम्ही कर्ण्याजवळ उभे असाल, तर फोनमध्ये नुसती फरफर येते. घरातला जुना फोन घ्या, फ्लाइट मोडवर टाका, व्हॉइस रेकॉर्डर चालू करून गुरुजींच्या जवळ, पाटाशेजारी ठेवून द्या. सुरुवातीला दोन्ही फोन चालू असताना एक टाळी वाजवा. एडिटिंगला टाळीचा आवाज आणि हात जुळताना दिसणं एकमेकांवर ठेवलं, की त्या क्लिपचा मेळ बसतो; बाकीच्या प्रत्येक क्लिपमध्ये टाळी नसते, तिथे क्लिपमधलाच एखादा ठळक आवाज जुन्या फोनच्या रेकॉर्डिंगशी जुळवा. एक मर्यादा आहे: बरेच फोन सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम घेत नाहीत, उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतात. लांबलचक क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. तुम्ही दहा सेकंदांचे तुकडे घेतलेत, म्हणून हा त्रास इथे जाणवत नाही.

रात्री एडिटिंगला

आधी आवाज मांडा. शेवटच्या मंगलाष्टकाची ओळ, ‘सावधान’, मग वाजंत्री. हा झाला कणा. त्यावर चित्रं बसवा. VN सारख्या ॲपमध्ये वॉटरमार्क न येता काम होतं. नवरा-नवरीची नावं स्क्रीनच्या मधल्या भागात टाका, कारण खाली मजकूर आणि उजवीकडे लाइक-शेअरची बटणं येतात. 1080 x 1920 मध्ये एक्सपोर्ट करा.

इतकं करून शेवटी माती होते ती पाठवताना. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ टाकला, की तो दाबला जातो आणि काका म्हणतात, ‘ब्लर आलाय रे.’ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते.

दुकान आणि शाळा

देवळाच्या वाटेवरच्या दुकानाचं रील करताना शूटिंग सोपं, गाणं अवघड. लग्नात गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. दुकानाच्या जाहिरातीला ती नाही. इन्स्टाग्रामवर बिझनेस खात्याला सिनेमातली बरीच गाणी दिसतच नाहीत. बाहेरून चिकटवलं, तर आवाज बंद होऊ शकतो किंवा रील उतरवलं जातं, आणि दुकानदार पैसे परत मागतो. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या, नाहीतर दुकानाचाच आवाज वापरा: कढईतलं उलथनं, तागडीत पडणारी वजनं.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलं आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. मुख्याध्यापकांना आधीच विचारा की पालकांची लेखी संमती घेतलीय का, आणि कुणाचा चेहरा नको आहे. व्हिडिओ शाळेच्या खात्यावर जाऊ द्या, तुमच्या नाही.

लग्नातही हाच प्रश्न असतो. नवरीचा रडण्याचा शॉट तुम्हाला कितीही आवडला, तरी तो तिचा आहे. काम घेतानाच एक मेसेज टाका: किती रील्स, किती सेकंदांची, कधी देणार, किती वेळा दुरुस्ती, ॲडव्हान्स किती, आणि मी माझ्या पेजवर टाकू का? समोरून ‘हो’ आलं, की तो मेसेज पिन करून ठेवा. बोली तोंडी राहिली, तर पंगत उठल्यावर ‘अजून दोन रील्स कर ना भाऊ’ सुरू होतं.

आता पुन्हा त्या सव्वा वाजताच्या हॉलमध्ये या. फोनमध्ये पाच जीबी मोकळे, पॉवर बँक खिशात, जुना फोन गुरुजींजवळ, चेहऱ्यावर लॉक. शेवटचं मंगलाष्टक सुरू होतंय. ‘सावधान’च्या आधी तीन सेकंद रेकॉर्डिंगचं बटण दाबा, आणि अंतरपाट दूर झाल्यावर लगेच बंद करू नका. दोघं एकमेकांकडे बघतात ते त्यानंतर.