क्यूआर लावलेला आहे, वापर किती?

छोट्या दुकानदारांच्या डिजिटल व्यवहारांची पाहणी ‘तुम्ही ऑनलाइन पैसे घेता का?’ या प्रश्नाने सुरू झाली, तर बहुतेक जण ‘हो’ म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही. यूपीआय २०१६ मध्ये आले. आज पानटपरीवरही क्यूआर असतो, पण दिवसातून दोनदा स्कॅन होणारा क्यूआर आणि निम्मा धंदा पेलणारा क्यूआर या ‘हो’मध्ये सारखेच ठरतात. म्हणून सवयीचा प्रश्न घडून गेलेल्या गोष्टीवर हवा: शेवटच्या दहा गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी स्कॅन केले? ते पैसे कुणाच्या खात्यात गेले? त्यातून घाऊक व्यापाऱ्याचे बिल भागले, की रोकड काढावी लागली? एखाद्या किराणा दुकानाचा क्यूआर मुलाच्या खात्याला जोडलेला असतो आणि घाऊक व्यापारी रोखच मागतो. मग गल्ल्यावर बसलेल्या वडिलांना रोकड हवी असते. ही अडचण ‘मोबाइल वापरता येत नाही’ या पर्यायात बसत नाही.

अडथळ्यांच्या यादीत ‘शुल्क परवडत नाही’ हा पर्याय हमखास असतो. बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. तरीही कोणी त्यावर खूण केली, तर पुढे विचारायलाच हवे: कशाचे शुल्क? पुष्कळदा ते साउंडबॉक्सचे मासिक भाडे निघते.

सर्वांत नाजूक विषय कराचा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूत काही दुकानांवर ‘यूपीआय नाही’ अशा पाट्या लागल्या. अशा वातावरणात उलाढालीचा आकडा विचारला की दुकानदार मिटतो आणि पुढची उत्तरेही सावध होतात. ‘या बाजारातले दुकानदार ऑनलाइन पैसे घ्यायला का कचरतात?’ असे विचारले, तर तो शेजाऱ्याच्या नावाने स्वतःची भीती सांगू शकतो. मात्र हे उत्तर त्याचा स्वतःचा अनुभव म्हणून मोजू नये.

फसवणुकीबाबत ऐकलेले आणि भोगलेले वेगळे नोंदवावे लागते. ‘भीती वाटते का?’ यापेक्षा ‘गेल्या सहा महिन्यांत गिऱ्हाइकाने पैसे गेल्याचे दाखवले, पण खात्यात आले नाहीत, असे घडले का? ते केव्हा कळले?’ हा प्रश्न उपयोगी. बनावट स्क्रीनशॉट, क्यूआरवर चिकटवलेला दुसऱ्याचा स्टिकर हे प्रकार यातून उघड होतात. हिशेब रात्री जुळवणाऱ्याला फटका उशिरा कळतो. त्याला जोडून एक पारख: पैसे घेताना पिन टाकावा लागतो का? पिन फक्त पैसे देताना लागतो. ‘हो’ म्हणणारा दुकानदार सहज फसू शकतो.

पाहणी करणाऱ्याने हे उत्तर मुलाखतीच्या मध्येच दुरुस्त करू नये, कारण त्याने पुढची उत्तरे बदलतात. सगळे प्रश्न संपल्यावर मात्र पिनचा नियम आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांक दुकानदाराला सांगूनच उठावे.