ग्लुकोमीटर आणि लॅबचे मशीन: फरकाचा आलेख काय सांगतो

बोटाला टोचून रक्ताच्या एका थेंबावर साखर सांगणारा नवा ग्लुकोमीटर कितपत विश्वासाचा आहे, हे ठरवायचे तर त्याचे आकडे प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहावे लागतात. त्यासाठी एकाच व्यक्तीचे दोन नमुने एकाच वेळी घेतले जातात, एक पट्टीवर आणि दुसरा शिरेतून नळीत. नळीतले रक्त तसेच ठेवले तर रक्तपेशी साखर खात राहतात आणि लॅबचा आकडा दर तासाला साधारण 5 ते 7 टक्के घसरतो. म्हणून प्लाझ्मा लगेच वेगळा करतात; नाहीतर लॅबमधल्या उशिराचा दोष मीटरच्या माथी बसतो. जेवणानंतर बोटातल्या रक्तातली साखर शिरेतल्यापेक्षा मुळातच जास्त असते, त्यामुळे तुलना उपाशीपोटी केलेली बरी.

जमलेल्या जोड्यांचा सहसंबंध गुणांक काढण्याची पद्धत फार जुनी आणि फसवी आहे. दोन आकडे सोबत वाढतात की नाही, एवढेच हा गुणांक सांगतो. ते एकमेकांशी जुळतात का, हे तो सांगत नाही. प्रत्येक वेळी दुप्पट साखर दाखवणाऱ्या मीटरचा गुणांकही 1 येऊ शकतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी 1986 साली ‘लॅन्सेट’मधल्या लेखात ही चूक दाखवून दिली आणि फरकाचा आलेख रूढ केला. त्यांचे उदाहरणही एका सुटसुटीत उपकरणाचेच होते: फुंकरीचा जोर मोजणारे मोठे राइट मीटर आणि त्याची छोटी आवृत्ती.

कृती सोपी आहे. प्रत्येक जोडीत मीटरच्या आकड्यातून लॅबचा आकडा वजा करायचा. हा फरक उभ्या अक्षावर आणि दोन्ही आकड्यांची सरासरी आडव्या अक्षावर मांडायची. लॅबची पद्धत खरोखर प्रमाणभूत असेल, तर आडव्या अक्षावर तिचाच आकडा घेणेही काही तज्ज्ञांना मान्य आहे.

समजण्यापुरत्या सहा कल्पित जोड्या घेऊ. लॅबचे आकडे 60, 92, 140, 185, 240 आणि 310 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. मीटरचे 72, 98, 141, 183, 235 आणि 298. फरक येतात +12, +6, +1, −2, −5 आणि −12. त्यांची बेरीज शून्य, म्हणजे सरासरी फरकही शून्य. सहसंबंध गुणांक 0.999 च्याही वर जातो. फरकांचे प्रमाण विचलन सुमारे 8.4 आहे, त्याला 1.96 ने गुणून सरासरीच्या वर-खाली रेषा ओढल्या की सहमतीच्या मर्यादा मिळतात, इथे साधारण −16.5 ते +16.5. फरकांचे वाटप नेहमीच्या घंटाकृती वळणाचे असेल, तर सुमारे 95 टक्के फरक या दोन रेषांच्या आत पडतील असा अंदाज असतो.

आता ठिपके पाहावेत. ते शून्याभोवती विखुरलेले नाहीत, डावीकडून उजवीकडे उतरत गेले आहेत. हा मीटर कमी साखर फुगवून दाखवतो आणि जास्त साखर दाबून. शून्य सरासरी ही दोन विरुद्ध चुकांची वजाबाकी होती. धोका डाव्या टोकाला आहे: 70 च्या खाली साखर गेली की ताबडतोब काही गोड द्यायचे असते, आणि इथे 60 असलेल्या माणसाला मीटर 72 सांगतो. विशेष म्हणजे ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ 15197 या मानकाच्या 2013 च्या आवृत्तीतली अचूकतेची मुख्य मर्यादा या सहाही जोड्या पाळतात. 100 च्या खाली 15 मिलिग्रॅमपर्यंत, आणि 100 पासून वर 15 टक्क्यांपर्यंत फरक तिथे चालतो.

उतरत्या ठिपक्यांना एकच सपाट मर्यादा लावणे चूक आहे. फरकांमधून तिरपी रेषा काढून तिच्याभोवती मर्यादा मोजाव्या लागतात. कधी ठिपके नरसाळ्यासारखे उजवीकडे पसरत जातात, कारण साखर वाढते तशी चूकही वाढते. सपाट मर्यादा मग कमी साखरेला गरजेपेक्षा रुंद आणि जास्त साखरेला अरुंद पडतात. अशा वेळी फरक टक्क्यांत मांडला की पसारा बहुधा सारखा होतो.

खरी चाचणी सहा जोड्यांवर होत नाही. निदान शंभर तरी लागतात आणि त्यांत खूप कमी व खूप जास्त साखरेचे नमुने मुद्दाम मिळवावे लागतात. सगळे नमुने 90 ते 150 च्या पट्ट्यातले असतील, तर वरचा उतार दिसलाच नसता. एकाच रुग्णाच्या दहा जोड्या दहा माणसांच्या म्हणून मोजल्या, तरी मर्यादा खोट्या अरुंद येऊ शकतात.

चुकीचे स्वरूप कळले की पुढचा मार्गही ठरतो. तिरपा कल ठरावीक असेल, तर कंपनी मीटरचे अंशांकन बदलून तो काढू शकते. विखुरणे मात्र अंशांकनाने जात नाही. त्याचे कारण शोधायला ठिपके रुग्णांच्या हिमॅटोक्रिटनुसार, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या वाट्यानुसार, रंगवून पाहतात. पंडुरोगी रुग्णांचे ठिपके रेषेच्या वर गोळा झाले, तर दोष बहुधा पट्टीच्या रसायनाचा असतो, कारण तांबड्या पेशी कमी असल्या की अनेक पट्ट्या साखर जास्त दाखवतात.