चहाच्या सुट्टीतलं चार्जिंग

भिवंडीच्या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या गोदामात सकाळी साडेदहाला जा. भोंगा होतो, फोर्कलिफ्ट एका रांगेत उभ्या राहतात आणि माणसं चहाकडे वळतात. एखादा मनापासून काम करणारा ऑपरेटर जाता जाता आपली गाडी चार्जरला लावतो. तेवढीच पंधरा मिनिटं बॅटरीत भर पडेल, असा त्याचा साधा हिशेब. गाडीत लिथियम बॅटरी असेल तर त्याने अगदी बरोबर केलं. जुनी शिशाची, म्हणजे लेड अॅसिड बॅटरी असेल, तर रोजच्या याच चांगुलपणाने तो तिचं आयुष्य कमी करतोय. दोन बॅटऱ्यांमधला खरा फरक या पंधरा मिनिटांत आहे. पैशांचा आणि सुरक्षिततेचा हिशेबही इथूनच सुरू होतो.

शिशाच्या बॅटरीला दिवसाचे तीन सारखे भाग लागतात. आठ तास काम, आठ तास चार्जिंग आणि आठ तास थंड होण्यासाठी विश्रांती. चार्ज होताना ती चांगलीच तापते. तशीच गरम कामाला जुंपली तर आतल्या प्लेटा लवकर झिजतात. तिचं आयुष्यही वर्षांपेक्षा चार्जिंगच्या फेऱ्यांत मोजतात आणि नीट सांभाळली तर ती साधारण १५०० फेऱ्या देते. दिवसाला एक फेरी आणि वर्षाला ३०० दिवस धरले की पाच वर्षं होतात. चहाच्या वेळचं अर्धवट चार्जिंग हीसुद्धा तिच्या लेखी एक जास्तीची फेरीच. शिवाय चार्जिंग कधीच पूर्ण झालं नाही, तर प्लेटांवर सल्फेटचा थर बसून कडक होतो आणि जड अॅसिड तळाशी साचून राहतं. मग हळूहळू ऑपरेटरची तक्रार येते, ‘साहेब, दुपारी तीनलाच गाडी बसते.’

लिथियमचं उलट आहे. फोर्कलिफ्टमध्ये येणाऱ्या बहुतेक लिथियम बॅटऱ्या लोह-फॉस्फेट प्रकारच्या असतात. त्यांना अर्धवट चार्जिंगचा त्रास होत नाही, थंड व्हायला आठ तास लागत नाहीत आणि फेऱ्या ३००० च्या आसपास किंवा त्याहून जास्त मिळतात. आतलं नियंत्रक सर्किट प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतं. तापमान किंवा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की ते चार्जिंग बंद करतं.

आता चार्जिंग रूमकडे वळू, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. शिशाची बॅटरी साधारण ऐंशी टक्के भरली की पुढच्या चार्जिंगमध्ये आतलं पाणी फुटू लागतं आणि हायड्रोजन बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं की एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून खोलीतलं प्रमाण एक टक्क्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा दंडक पाळतात.

एका खोलीचा हिशेब करून पाहू. ४८ व्होल्ट आणि ६०० अँपिअर-अवरची बॅटरी घ्या. तिच्यात २४ सेल असतात. एका पूर्ण चार्जिंगमध्ये तिच्यातून ढोबळमानाने एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर हायड्रोजन निघतो. खोली दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि चार मीटर उंच, म्हणजे २०० घनमीटर आहे. रात्री सहा बॅटऱ्या लावल्या आणि हवा खेळली नाही, तर पहाटेपर्यंत सहा घनमीटर वायू जमेल. सरासरीने हे तीन टक्के झाले. पण हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका असल्यामुळे तो आधी छताशी गोळा होतो. खाली उभ्या माणसाच्या नाकाशी सगळं ठीक असताना ट्यूबलाइटच्या पट्टीजवळ चार टक्क्यांची मर्यादा कधीच ओलांडलेली असू शकते.

यातून दोन नेहमीच्या चुका लक्षात येतात. पहिली म्हणजे एग्झॉस्ट पंखा खिडकीच्या उंचीवर बसवणं. तो छताशी हवा आणि ताजी हवा समोरच्या बाजूने खालून आत यायला हवी. दुसरी चूक जास्त घातक आहे. रात्री दहाला चार्जिंग लावलं तर वायू सगळ्यात जास्त सुटतो पहाटे, शेवटच्या तीन-चार तासांत. नेमका तेव्हाच वॉचमन वीज वाचवायला पंखा बंद करतो, कारण खोलीत कुणीच नसतं. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पंखा चालू असल्याशिवाय चार्जरला वीजच मिळणार नाही, अशी जोडणी इलेक्ट्रिशियन करून देतो. ही जोडणी नसेल तर आधी ती करून घ्यावी.

ठिणगी बहुतेक वेळा प्लगमधून येते. चार्जर बंद न करताच प्लग ओढला की ठिणगी पडते आणि ती अगदी बॅटरीच्या तोंडाशी पडते. आधी चार्जर बंद, मग प्लग, हा क्रम कधीही मोडू नये. बॅटरीवर पडलेला पाना दोन टोकांना जोडला गेला तर क्षणात लाल होतो. त्यामुळे मूठ आणि दांडा इन्सुलेट केलेलीच हत्यारं वापरायची आणि हातातली अंगठी-कडं काढून ठेवायचं. खोलीत कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजनचा नव्हे. एखादा सेल बिघडून किंवा बॅटरी जास्त चार्ज होऊन निघणारा विषारी वायू आहे. अशा वेळी शक्य असेल तर मुख्य स्विच बाहेरून बंद करावा आणि सगळ्यांनी खोलीबाहेर पडावं.

डिस्टिल्ड वॉटर घालण्याचीही एक वेळ असते. पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं, आधी नाही. चार्ज होताना आतली पातळी वर येते, त्यामुळे आधीच काठोकाठ भरलेल्या सेलमधून अॅसिड उतू जातं. मग वरच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते आणि लोखंडी पेटी गंजते. प्लेटा उघड्या दिसत असतील तरच चार्जिंगआधी त्या झाकतील एवढंच पाणी घालावं. डोळ्यांत अॅसिड गेलं तर सलग पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवायचा आणि मग डॉक्टरकडे जायचं. म्हणून डोळे धुण्याचा नळ चार्जिंगच्या जागेपासून काही पावलांवर असायला हवा. गोदामाच्या दुसऱ्या टोकाचा नळ उपयोगाचा नाही.

लिथियमला ही खोली लागत नाही. नेहमीच्या चार्जिंगमध्ये तिच्यातून हायड्रोजन निघत नाही आणि पाणी घालावं लागत नाही. पण तिचे धोके वेगळे आहेत. ठेचलेली, पाण्यात बुडालेली किंवा चुकीच्या चार्जरला लावलेली बॅटरी पेटली, तर ती विझवणं कठीण जातं आणि तिच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. म्हणून चार्जिंगची जागा चहाच्या टेबलाजवळ असली तरी मालाच्या रॅकला चिकटून किंवा बाहेर जायच्या वाटेवर नको. शिवाय शिशाची बॅटरी नऊशे किलोच्या घरात असते आणि तिचं वजन फोर्कलिफ्टचा मागचा तोल सांभाळतं. हलकी लिथियम बॅटरी बसवताना आत लोखंडी वजन घालावं लागतं. किमान किती वजन हवं ते गाडीच्या पाटीवर लिहिलेलं असतं. स्वस्तात बसवून देणारा ते वाचत नसेल तर त्याला काम देऊ नये.

आता पाळ्यांचं गणित. एका पाळीला गाडी वीस युनिट वीज खाते असं धरू. दोन पाळ्या चालवायच्या तर शिशाच्या दोन बॅटऱ्या लागतात. पहिली सहा ते दोन काम करते आणि दोन ते दहा चार्ज होते. दुसरी दोनला गाडीत चढते आणि रात्री दहाला चार्जरवर जाते. दोन बॅटऱ्यांना एक चार्जर पुरतो, पण रोज दोनदा नऊशे किलोचं धूड काढून घालावं लागतं. एका वेळेला वीस मिनिटं म्हटलं तरी वर्षाला २०० तास होतात.

लिथियम एकच आणि तीही लहान, साधारण वीस युनिटची पुरते. ती कशी? पाळीत चहाच्या दोन सुट्ट्या आणि जेवणाचा अर्धा तास मिळून एक तास. दहा किलोवॅटच्या चार्जरवर त्यात दहा युनिट भरतात. पाळी बदलताना अर्ध्या तासात आणखी पाच. सकाळी वीस युनिटने निघालेली बॅटरी दोनला दहावर येते, पाळीबदलात पंधरा होते आणि रात्री दहाला पाचवर थांबते. पण एका जेवणात प्लग लावायला विसरलं की हे पाच युनिट संपतात आणि रात्री ट्रक भरताना गाडी थांबते. शिशाच्या बॅटरीत शिस्त चार्जिंग रूमच्या माणसाला लागते, लिथियममध्ये ती प्रत्येक ऑपरेटरला लागते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना बिल आल्यावर कळते. सहा गाड्या एकाच वेळी चहाला थांबल्या तर साठ किलोवॅटचा भार एकदम चढतो, आणि उच्चदाब ग्राहकाच्या बिलात या कमाल मागणीचे वेगळे पैसे लागतात. म्हणून चहाची वेळ तीन-तीन गाड्यांना वाटून द्यावी.

पैशांचा हिशेब एका गाडीपुरता, पाच वर्षांचा करू. किमती केवळ उदाहरणासाठी धरल्या आहेत, आपल्या कोटेशनमधले आकडे त्या जागी घालावेत. शिशाची बॅटरी साडेतीन लाख आणि चार्जर सत्तर हजार. लिथियम चार्जरसह नऊ लाख. वीज ९ रुपये युनिट. वीस युनिट काम काढायला शिशाच्या बॅटरीत भिंतीतून अठ्ठावीस युनिट घालावे लागतात, लिथियमला बावीस पुरतात. बाकीची वीज उष्णता आणि वायू होऊन जाते.

एकच पाळी असेल तर शिशाचा खर्च बॅटरी, चार्जर आणि पाच वर्षांची जास्तीची वीज मिळून पाच लाख होतो. जुनी बॅटरी भंगारात पाऊण लाखाला गेली की सव्वाचार लाख. लिथियमचे नऊ लाख गेले, पण तिचं निम्मं आयुष्य शिल्लक आहे, म्हणजे वापरले गेले साडेचार लाख. दोन्ही जवळपास सारखंच, मग पहिल्या दिवशी दुप्पट पैसे कशाला गुंतवायचे? एका पाळीच्या गोदामाने शिशाच्या बॅटरीची लाज वाटून घेऊ नये.

दोन पाळ्यांत चित्र पालटतं. शिशाच्या दोन बॅटऱ्या, चार्जर आणि एक लाख बासष्ट हजारांची जास्तीची वीज मिळून सव्वानऊ लाखांच्या वर, भंगार वजा जाता पावणेआठ. हे अजूनही स्वस्त दिसतं आणि बरेच जण इथेच हिशेब मिटवतात. पण बॅटरी बदलण्याचे वर्षाचे २०० तास राहिले. ऑपरेटर, मदतनीस आणि उभी गाडी यांचे तासाला ३०० रुपये धरले तर पाच वर्षांत तीन लाख. एकूण जवळजवळ पावणेअकरा, आणि त्यात पाणी घालणारा माणूस व चार्जिंग रूमचं भाडं अजून धरलेलंच नाही.

मिश्र ताफा ठेवायचा झाला, तर दोन पाळ्यांच्या गाड्या लिथियमवर आणि सकाळी ट्रक रिकामे करून उभ्या राहणाऱ्या गाड्या शिशावर, हे जमतं. फक्त दोन्हींचे प्लग वेगळ्या रंगाचे आणि एकमेकांत न बसणारे हवेत, कारण शिशाचा चार्जर लिथियमला चालत नाही. कुठली गाडी कशात जाते हे अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक फोर्कलिफ्टवर तास मोजणारा मीटर असतो. महिनाभर रोज पाळी संपताना त्याचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि मगच कोटेशन मागवा.