शिट्टीवाचून खेळ

शाळेची शेवटची तासिका होती. पटांगणाच्या एका कडेला रस्ता होता आणि त्यावरून मोटारी, मालगाड्या कर्कश शिंगे वाजवीत धावत होत्या. दुसऱ्या कडेला सातवीच्या मुलांचा क्रिकेटचा डाव ऐन रंगात आला होता. मधल्या मोकळ्या जागेत सहावीचा वर्ग पळापळीचा खेळ खेळत होता. शिक्षकांनी शिट्टी वाजवली. जवळची दहाबारा मुले थांबली, दूरची मुले मात्र धावतच राहिली. त्यांना शिट्टी ऐकूच गेली नव्हती. शिक्षकांनी पुन्हा जोराने शिट्टी फुंकली. आता सारे थांबले, पण एक मुलगी धावतच होती. कुंपणाजवळ पोहोचून तिने मागे वळून पाहिले, तो सर्व वर्ग स्तब्ध उभा आणि सर्वांचे डोळे तिच्यावर. तिची मान खाली गेली.

ती मुलगी कर्णबधिर होती. तिच्या कानामागे श्रवणयंत्र असे. वर्गाच्या चार भिंतींत, समोर दोन-तीन हातांवर उभे राहून कोणी सावकाश बोलले, तर त्या यंत्राच्या साहाय्याने तिला बरेचसे समजे. मैदानावर मात्र तेच यंत्र तिची फारशी सोय करीत नसे. याचे कारण असे, की श्रवणयंत्र जवळचा-दूरचा, हवा-नको असा प्रत्येकच आवाज मोठा करते. मोटारीचे शिंग, क्रिकेट खेळणाऱ्यांची आरोळी आणि शिक्षकांची हाक यांचा एकच कल्लोळ कानात शिरतो. वाऱ्याचा झोत यंत्रावर आदळला, तर नुसती घरघर ऐकू येते. शिवाय घामाने यंत्र बिघडते, म्हणून पुष्कळ मुले खेळताना ते काढूनच ठेवतात. म्हणजे मैदानावर आवाज वाढवून हा प्रश्न सुटत नाही. जे कानांना सांगायचे, ते डोळ्यांना व त्वचेला कसे सांगता येईल, हे पाहावे लागते.

पहिला विचार थांबण्याच्या खुणेचा. कारण खेळ सुरू करण्यास थोडा विलंब झाला तरी चालते, पण धोका दिसताच तो थांबलाच पाहिजे. याकरिता शिक्षक एक मोठे निशाण बाळगतात. ते हात-दीड हात लांबीरुंदीचे असावे, आणि त्याचा रंग मैदान पाहून ठरवावा. हिरव्या झाडीच्या पुढे लाल निशाण उठून दिसते. परंतु कोकणातील तांबड्या मातीच्या मैदानावर, मागे जांभ्या दगडाची भिंत असेल, तर तेच लाल निशाण दिसेनासे होते. तेथे पिवळे किंवा पांढरे बरे.

निशाणाचीही एक अडचण आहे. शिट्टी पाठमोऱ्या माणसालाही ऐकू येते, निशाण मात्र पाठमोऱ्या माणसाला दिसत नाही. म्हणून निशाणाला साखळीची जोड देतात. निशाण वर गेलेले ज्याला दिसेल, त्याने जागच्या जागी थांबून आपला एक हात सरळ वर करावयाचा. त्याचा हात पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचा पाहून तिसऱ्याने. अशी खूण सर्व मैदानभर पसरते. कर्णबधिर मुलगी कोणत्याही दिशेला तोंड करून असली, तरी तिच्या नजरेच्या टप्प्यात एखादा तरी वर गेलेला हात येतोच. ही रीत बसली की नाही, हे ओळखणे सोपे आहे. निशाण उचलल्यापासून शिक्षकांनी मनात अंक मोजावेत. पहिल्या दिवशी दहापर्यंत मोजूनही कोणी ना कोणी पळत असतो. रोज खेळाच्या आरंभी दोनदा सराव केला, म्हणजे काही दिवसांत चार-पाच अंकांत मैदान थांबू लागते. गंमत अशी, की ज्यांचे कान चांगले आहेत, पण लक्ष भलतीकडे असते, तेही या रीतीने वेळेवर थांबू लागतात.

यानंतर प्रश्न येतो तो कोणी कोठे उभे राहावयाचे याचा. कवायतीसारख्या ओळी केल्या, तर मागच्या ओळीतील मुलाला पुढच्यांच्या पाठीच तेवढ्या दिसतात. त्यापेक्षा अर्धवर्तुळ चांगले. त्यात शिक्षक सर्वांना दिसतात आणि प्रश्न विचारणारा सोबतीही दिसतो. सूर्याचाही विचार करावा लागतो. तिसऱ्या प्रहरी सूर्य पश्चिमेकडे कललेला असतो. शिक्षक पश्चिमेला उभे राहिले, तर मुलांच्या डोळ्यांवर ऊन येते आणि शिक्षकांचा चेहरा काळोखा दिसतो. मग ओठांची हालचाल काय दिसणार? म्हणून शिक्षकांनी पूर्वेला उभे राहून ऊन स्वतःच्या तोंडावर घ्यावे. त्यांना थोडा त्रास होतो खरा, पण तो त्यांनीच सोसावयाचा असतो.

प्रत्यक्ष दाखवून शिकविताना एक चूक फार सहज होते. शिक्षक चेंडू फेकून दाखवीत असतात आणि त्याच वेळी बोलतही असतात. ऐकणारा मुलगा हाताकडे पाहतो आणि कानाने शब्द टिपतो. कर्णबधिर मुलीला मात्र दोन्हींसाठी डोळेच वापरावे लागतात. ती ओठांकडे पाहू लागली, की हात सुटतो, आणि हाताकडे पाहू लागली, की शब्द हरवतात. यावर उपाय म्हणजे ही दोन कामे वेगळी करणे. आधी मुकाट्याने एकदा कृती करून दाखवावी. मग थांबून, तोंड मुलांकडे करून, दोनतीन वाक्यांत सांगावे. मग पुन्हा मुकाट्याने दाखवावे. डाव्या-उजव्याचा घोटाळा टाळण्यासाठी पाठमोरे होऊन दाखविणे बरे पडते, फक्त पाठमोरे असताना बोलू नये. ती समजल्याची मान हलविते, एवढ्यावर विसंबू नये. पुष्कळ मुले संकोचाने मान हलवितात. तिला ती कृती करून दाखवावयास सांगितले, म्हणजे खरे काय ते कळते.

रोजचा क्रम ठरलेला असला, तर निम्मे सांगणे वाचते. आंब्याच्या झाडाखाली जमणे, फळ्यावर लिहिलेले आजचे खेळ वाचणे, हातपाय मोकळे करणे, मग खेळ, मग पुन्हा त्याच झाडाखाली येणे, हे रोज याच क्रमाने झाले, की पुढे काय हे विचारावे लागत नाही.

धावण्याच्या शर्यतीत न्यायाचाही प्रश्न उभा राहतो. “तयार” म्हणून शिट्टी वाजली, की ऐकणारी मुले सुटतात. कर्णबधिर मुलगी शेजारणीकडे पाहत असते. शेजारीण हलली, की मग ती निघते. खूण कळून पाय हलण्यास माणसाला सुमारे सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. शेजारणीला तेवढा वेळ शिट्टीसाठी लागतो, आणि हिला त्यानंतर पुन्हा तेवढाच वेळ शेजारणीची हालचाल पाहून लागतो. सेकंदाला सहा मीटर धावणाऱ्या मुलीचे यात मीटरभराहून अधिक अंतर गेले. शर्यत पुष्कळदा याहून थोड्या अंतराने जिंकली जाते. तेव्हा केवळ तिच्यासाठी निराळी खूण करून भागत नाही. डोळ्यांनी पाहून निघावयास कानांनी ऐकून निघण्यापेक्षा किंचित अधिक वेळ लागतो, म्हणून सर्वांनाच एका निशाणावर सोडणे योग्य. निशाणवाला रेघेच्या पुढे आठ-दहा पावलांवर, बाजूला उभा राहतो. मुलींनी वाकून मान खाली न घालता उभ्यानेच निघावे, म्हणजे निशाण दिसते.

कर्णबधिरांच्या जागतिक क्रीडास्पर्धा सन १९२४ मध्ये पॅरिस येथे प्रथम भरल्या. आज त्यांना डेफलिंपिक्स म्हणतात. तेथे शर्यतीसाठी धावपटूंपुढे दिवे ठेवतात: तांबडा, पिवळा व हिरवा. हिरवा लागताच धावावयाचे. फुटबॉलचे पंच तेथे हातात निशाण घेऊन धावतात. श्रवणयंत्र लावून मात्र स्पर्धेत उतरता येत नाही. सर्वांनी सारख्याच स्थितीत खेळावे, असा तेथील नियम आहे.

आता खोखोकडे वळू. हा खेळ कर्णबधिर मुलीला अवघड जाईल असे वाटते, कारण त्याचे नावच एक आरोळी आहे. पण नियम नीट पाहिला, तर निराळेच दिसते. पाठलाग करणाऱ्यांपैकी आठजण मधल्या पाटीत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा धावतो. त्याने बसलेल्याला पाठीमागून हाताने स्पर्श करून “खो” म्हणावयाचे असते. म्हणजे आवाजाबरोबर स्पर्श नियमातच आहे. कान नसले, तरी पाठ आहे!

वर उल्लेखिलेल्या वर्गात ही मुलगी प्रथम खोखो खेळली, तेव्हा दोनदा चुकली. पहिल्यांदा पळणाऱ्या मुलीचा हात तिच्या खांद्याला ओझरता लागला. तिला तो खो वाटला आणि ती उठली. दुसऱ्यांदा खो देणारीने घाईत नुसती बोटे टेकवली. तो स्पर्श तिला जाणवलाच नाही आणि ती बसूनच राहिली. तेव्हा वर्गाने ठरविले, की खो द्यावयाचा तो पूर्ण तळहाताने, पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, एकदाच आणि ठामपणे. ओझरता स्पर्श म्हणजे खो नव्हे. ही रीत सर्वांसाठीच ठेवली. तिचा स्वतःचा “खो” शब्द अस्पष्ट येई. तो तसाच चालेल, असेही डाव सुरू होण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी मान्य केले, नाहीतर ऐन डावात तंटा झाला असता.

राहिला पंचांचा प्रश्न. खोखोत मधल्या पाटीच्या दोन्ही अंगांना एकेक पंच असतो. बसणाऱ्या मुली एकाआड एक दोन्हींकडे तोंड करून असतात, म्हणून प्रत्येकीला कोणता ना कोणता पंच समोर दिसतोच. दोघांच्याही हाती निशाण दिले, की बसलेल्यांचे काम झाले. धावणारी मात्र खुंटाकडे पाहत असते. तिच्यासाठी दोन्ही खुंटांमागे, मैदानाबाहेर, एकेक विद्यार्थी उभा केला. पंचाचे निशाण वर गेले, की त्यानेही हात वर करावयाचा.

पुढच्या शनिवारी डाव पुन्हा मांडला. रस्त्यावरून लग्नाची वरात चालली होती आणि बेंडबाजा जोरात वाजत होता. कोणालाच कोणाचे ऐकू येत नव्हते. पाचव्या चौकोनात बसलेल्या त्या मुलीच्या पाठीवर तळहात पडला. ती उठली, उजवीकडे वळली आणि तीन ढांगांत पुढची मुलगी तिने टिपली. समोरच्या पंचाने निशाण वर केले. खुंटामागच्या मुलाचा हात वर गेला. सारे थांबले, तीही थांबली.