चौकटीत दिसतो, पण निवडला जात नाही

शत्रूचे रणगाडे पुलाजवळ आलेले असतात. खेळाडू माउसचं बटण दाबून आपल्या आठ रणगाड्यांभोवती चौकट ओढतो आणि बटण सोडतो. सहा रणगाड्यांखाली हिरवी कडी उमटतात. उरलेले दोन चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात स्पष्ट दिसत होते, तरी ते जागचे हलत नाहीत. उलट चौकटीच्या बाहेर डावीकडे खाणीवर राबणारी एक गाडी काम टाकून लढाईला निघते. आपलाच हात चुकला असं समजून खेळाडू पुन्हा चौकट ओढतो. हात मात्र चुकलेला नसतो, चूक गेमच्या हिशेबात असते.

रिअल टाइम स्ट्रॅटेजी म्हणजे सगळ्या फौजेला एकाच वेळी, घड्याळाशी शर्यत लावून हुकूम द्यायचे खेळ. १९९२ सालच्या ‘ड्यून २’मध्ये एका वेळी एकच युनिट निवडता येत असे. १९९४च्या ‘वॉरक्राफ्ट’मध्ये चौकट ओढून चार निवडता येऊ लागली आणि १९९८च्या ‘स्टारक्राफ्ट’मध्ये बारा. या जुन्या खेळांत नकाशा सपाट चित्रासारखा होता. पडद्यावरची चौकट थोडी सरकवली की नकाशावरची चौकट मिळायची, त्यामुळे ही चूक व्हायला जागाच नव्हती. पुढे २००२च्या ‘वॉरक्राफ्ट ३’सारख्या खेळांनी त्रिमितीय जग आणि तिरका कॅमेरा आणला. तेव्हापासून पडद्यावरचा आयत आणि जमिनीवरचा आयत या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

घरी विजेरी घेऊन हे पाहता येतं. जाड कागदात आयताकृती खिडकी कापून ती विजेरीसमोर धरायची आणि अंधाऱ्या अंगणात तिरका झोत टाकायचा. जमिनीवर उमटणारा उजेड आयताकृती नसतो. पायांजवळची कड आखूड राहते, लांबची कड पसरते. शाळेत शिकवतात तो समलंब चौकोन तयार होतो. खेळातला कॅमेरा म्हणजे ती विजेरी आणि ओढलेली चौकट म्हणजे ती खिडकी.

नवशिक्या प्रोग्रामरला सुचणारी पद्धत साधारण अशी असते. बटण दाबलं तिथून जमिनीवर एक किरण सोडायचा, बटण सोडलं तिथून दुसरा. जमिनीवर दोन बिंदू मिळतात. ते समोरासमोरचे कोपरे धरून जगातच सरळ आयत आखायचा आणि त्यात कोण उभं आहे ते मोजायचं. कॅमेरा बरोबर डोक्यावरून खाली पाहत असेल, तर उत्तर अगदी बिनचूक येतं. कॅमेरा कलला की ते बिघडतं.

किती बिघडतं ते एका हिशेबात पाहू. कॅमेरा जमिनीपासून १० मीटर उंच आहे, ४५ अंशांत खाली झुकलेला आहे, त्याचा उभा दृष्टिकोन ६० अंशांचा आहे आणि पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा. खेळाडूने पडद्याच्या मधोमध १२०० पिक्सेल रुंद आणि ६०० उंच चौकट ओढली. जमिनीवर तिची खालची कड कॅमेऱ्यापासून सुमारे ५ मीटर पुढे पडते आणि १३.७ मीटर रुंद असते. वरची कड साडेएकोणीस मीटरच्या जरा अलीकडे पडते, पण रुंदी २६.७ मीटर होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

समजा, चौकट वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे ओढली. प्रोग्रामच्या आयताची डावी बाजू लांबच्या रुंद कडेवरून ठरते, उजवी बाजू जवळच्या आखूड कडेवरून. मध्यरेषेपासून डावीकडे तो १३.४ मीटर जातो, उजवीकडे फक्त ६.९. आता १८ मीटर पुढे आणि १० मीटर उजवीकडे उभा असलेला रणगाडा घ्या. पडद्यावर तो चौकटीच्या चांगलाच आत दिसतो, पण प्रोग्रामच्या आयताबाहेर राहतो. ७ मीटर पुढे आणि १० मीटर डावीकडची खाणगाडी पडद्यावर चौकटीच्या बाहेर तब्बल पावणेदोनशे पिक्सेलवर असते, तरी ती आयतात सापडते. सुरुवातीच्या प्रसंगात झालं ते हेच.

या चुकीचं एक अंग फसवं आहे. वरच्या उदाहरणात समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ आणि चुकीच्या आयताचं क्षेत्रफळ तंतोतंत सारखं येतं. एका बाजूला जितकी जमीन सुटते, तितकीच दुसऱ्या बाजूला वाढते. युनिटं मैदानभर सारखी पसरलेली असतील, तर निवडलेल्यांची संख्या जवळपास बरोबरच भरते. फक्त आकडा तपासणाऱ्याला काही खटकत नाही. नेमकी कोणती युनिटं निवडली गेली, हे पाहिल्याशिवाय चूक हाती लागत नाही.

यावर काही जण चारही कोपऱ्यांतून किरण सोडतात आणि जमिनीवर खरा समलंब चौकोन आखतात. रणगाड्यांपुरतं ते पुरतं, विमानांना पुरत नाही. त्याच कॅमेऱ्यासमोर ४ मीटर उंचीवर, ५ मीटर पुढे एक हेलिकॉप्टर घ्या. पडद्यावर ते चौकटीच्या खालच्या कडेच्या दोनशेहून अधिक पिक्सेल वर, जवळजवळ मध्यावर दिसतं. त्याच्या बरोबर खालची जमीन मात्र समलंब चौकोनाच्या अलीकडे राहते. म्हणून तेही सुटतं.

योग्य मार्ग उलट्या दिशेने जातो. चौकट जगात न्यायचीच नाही, जग पडद्यावर आणायचं. खेळाडूने चौकट पडद्यावर पाहून ओढली आहे, तेव्हा निवाडाही तिथेच व्हायला हवा. प्रत्येक युनिट पडद्यावर कुठे दिसतं ते कॅमेऱ्याला विचारायचं आणि तो बिंदू चौकटीत आहे का ते पाहायचं. ‘युनिटी’ या गेम इंजिनमध्ये गाभ्याचं काम दोन ओळींत होतं:

```csharp
Vector3 p = cam.WorldToScreenPoint(unit.position);
if (p.z > 0 && box.Contains(p)) selected.Add(unit);
```

यातला `p.z > 0` गाळून चालत नाही. कॅमेऱ्याच्या पाठीमागे असलेलं युनिटही गणितात उलटं होऊन पडद्यावरच्या एखाद्या बिंदूवर येऊ शकतं आणि न दिसताच निवडलं जातं. युनिटं काही शे असली तरी हा हिशेब बटण सोडल्यावर एकदाच करायचा असतो, त्यामुळे खेळ अडखळत नाही.

इतकं करूनही एक त्रुटी उरते. `unit.position` हा एकच बिंदू असतो, बहुधा पायांशी. मोठ्या युनिटाचा अर्धा देह चौकटीत आणि पाय बाहेर असतील, तर ते सुटतं. तिथे युनिटाला वेढणाऱ्या काल्पनिक खोक्याचे आठही कोपरे पडद्यावर आणावेत, त्यांना सामावणारा लहानात लहान आयत काढावा आणि तो चौकटीला छेदतो का ते पाहावं. टेकडीआड लपलेलं युनिट निवडावं की नाही, हा मात्र गणिताचा प्रश्न नाही. तो खेळ रचणाऱ्याने ठरवायचा.

आपल्या गेममध्ये ही चूक आहे का, हे अर्ध्या मिनिटात कळतं. कॅमेरा तिरका ठेवा आणि तीच चौकट दोनदा ओढा, एकदा वरच्या डाव्या कोपऱ्यातून, एकदा खालच्या डाव्या कोपऱ्यातून. एका दिशेने काहीच निवडलं जात नसेल, तर चौकटीची उंची किंवा रुंदी ऋण झाली आहे. तो दोष वेगळा, आणि कमीतकमी व जास्तीतजास्त मूल्यं घेऊन तो मिटतो. दोन्ही वेळा युनिटं निवडली गेली, पण वेगवेगळी, तर चौकट अजून जमिनीवरच आखली जाते आहे.